विश्लेषण : सर्व्हेअरने कोटेशनकडे पाहिलेच नाही, तर हरकत कशी घ्यायची?

कारखान्यात पाणी शिरते, यंत्र बंद पडते, विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन पाहणी करतो. विमाधारक उत्पादक कंपनीकडून दुरुस्तीचे कोटेशन आणून देतो. काही आठवड्यांनी अंतिम अहवाल हाती पडतो आणि त्यात मंजूर नुकसान कोटेशनच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही नसते. कोटेशन का नाकारले, याबद्दल एक ओळही नसते. अशा वेळी बहुतेक लघुउद्योजक एकच करतात : ‘रक्कम फार कमी आहे, फेरविचार करावा’ असे पत्र पाठवतात. हे पत्र सहसा वाया जाते. हरकत चुकीची असते म्हणून नव्हे, तर त्यात उत्तर देण्यासारखा एकही मुद्दा नसतो म्हणून.

सर्व्हेअरचा अहवाल अंतिम शब्द असतो का?

नाही. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४यूएमनुसार ठरावीक रकमेपुढच्या दाव्यांत परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल आवश्यक असतो. मात्र सर्व्हेअरने काढलेल्या आकड्यापेक्षा वेगळी रक्कम देण्याचा विमा कंपनीचा अधिकार त्याच कलमाने राखून ठेवला आहे. ‘सर्व्हेअरनेच एवढे काढले, आमच्या हातात काही नाही’ हे कंपनीचे उत्तर म्हणूनच कायद्याला धरून नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या प्रकरणात सर्व्हेअरचा अहवाल हा दाव्याचा पाया असू शकतो, पण तो विमाधारकावर किंवा कंपनीवर बंधनकारक नाही, असे स्पष्ट केले. मात्र नाण्याची दुसरी बाजूही आहे. २०२१ मध्ये खटेमा फायबर्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, सर्व्हेअरने नियमांनुसार काम केले असेल आणि अहवाल मनमानी नसेल, तर ग्राहक मंचाने स्वतः नव्याने नुकसान मोजत बसू नये.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की हरकतीचे काम काय, ते कळते. रक्कम कमी आहे हे सिद्ध करून भागत नाही. सर्व्हेअरने आपले काम नीट केले नाही, हे त्याच्याच अहवालातून दाखवावे लागते. आणि हातात असलेले कोटेशन विनाकारण बाजूला ठेवणे हा त्याचा सर्वात सोपा पुरावा आहे.

एक उदाहरण

आकडे समजण्यासाठी एक काल्पनिक प्रकरण पाहू. नदीकाठच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटे वर्कशॉप आहे. सात वर्षे जुने सीएनसी टर्निंग मशीन स्पिंडलच्या उंचीपर्यंत गढूळ पाण्यात होते. विमा रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यूवर, म्हणजे जुन्याच्या जागी तसेच नवे घेण्याच्या किमतीवर काढलेला आहे. उत्पादक कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राने पाहणी करून ११ लाख ८० हजारांचे कोटेशन दिले. त्यात १ लाख ८० हजार जीएसटी आहे. उरलेल्या १० लाखांत सर्वो आणि स्पिंडल ड्राइव्ह ४ लाख २० हजार, मोटारी २ लाख ३० हजार, बॉलस्क्रू व बेअरिंग १ लाख ४० हजार, हायड्रॉलिक व कूलंट पंप ९० हजार आणि मजुरी, अलाइनमेंट व चाचणी १ लाख २० हजार अशी विभागणी आहे.

सर्व्हेअरने बॉलस्क्रू आणि पंपांचे आकडे तसेच ठेवले. ड्राइव्ह बदलण्याऐवजी ‘साफसफाई व दुरुस्ती’ म्हणून ६० हजार, मोटारींना ‘रिवाइंडिंग’ म्हणून ८० हजार आणि मजुरीला ६० हजार धरले. बेरीज झाली ४ लाख ३० हजार. त्यातून मजुरी सोडून बाकी ३ लाख ७० हजारांवर वर्षाला ५ टक्के या हिशेबाने सात वर्षांचा ३५ टक्के घसारा, म्हणजे १ लाख २९ हजार ५०० रुपये वजा केले. भंगाराचे २० हजार वजा केले. उरले २ लाख ८० हजार ५००. पॉलिसीतली सक्तीची वजावट त्यातूनही जायची आहे.

हरकत कुठे घ्यायची आणि कुठे नाही?

आधी जे खरेच मिळणार नाही, ते सोडून द्यावे. जीएसटी नोंदणी असलेल्या उद्योगाला दुरुस्तीच्या बिलावरच्या कराचे क्रेडिट मिळते. त्यामुळे १ लाख ८० हजार मागण्यात अर्थ नाही. ड्राइव्ह बदलले, तर जुन्यांचे भंगारमूल्य वाढेल, तेही मान्य करावे. समजा ते एकूण ३० हजार धरले. म्हणजे विमाधारकाचा रास्त आकडा ९ लाख ७० हजार होतो आणि खरा वाद ६ लाख ८९ हजार ५०० रुपयांचा उरतो. स्वतःहून दोन गोष्टी सोडणाऱ्या पत्राकडे कंपनीचा अधिकारीही वेगळ्या नजरेने पाहतो.

मग येतो मुख्य मुद्दा, ड्राइव्ह. त्यातला फरक ३ लाख ६० हजारांचा, म्हणजे वादाच्या निम्म्याहून अधिक आहे. इथे ‘अधिकृत केंद्राने सांगितले’ एवढे पुरत नाही. गढूळ पाण्यातली बारीक माती सर्किट बोर्डवरच्या भागांच्या खाली जाऊन बसते. बोर्ड धुऊन वाळवला तरी ती पूर्ण निघेल याची खात्री नसते, ओलावा धरून ती वीज वाहू देते आणि आज चालणारा ड्राइव्ह काही महिन्यांनी शॉर्ट होऊ शकतो. म्हणून सेवा केंद्राकडून बोर्डनिहाय लेखी तपासणी अहवाल घ्यावा : सीरियल नंबर, पाण्याची खूण, गंजाचे फोटो, आणि धुतलेल्या ड्राइव्हवर केंद्र वॉरंटी देईल की नाही. मोटारींसाठी मेगरने घेतलेले इन्सुलेशनचे रीडिंग आणि एन्कोडरची स्थिती लिहून घ्यावी. वाइंडिंग नव्याने भरता येते, पण पाण्यात बुडालेला एन्कोडर रिवाइंडिंगने दुरुस्त होत नाही. ‘रिवाइंडिंग’ हा एकच शब्द लिहिलेला अहवाल इथेच अडकतो.

यापुढचा प्रश्न सर्व्हेअरला विचारायचा : ६० हजार हा आकडा कोणाच्या कोटेशनवरून आला? त्या किमतीत हे काम वॉरंटीसह करून देणारा दुरुस्तीकार कोण? असा दुरुस्तीकार असेल तर विमाधारकाला त्याचे कोटेशन तपासता आले पाहिजे. नसेल, तर तो आकडा अंदाज आहे. सर्व्हेअरसाठीच्या २०१५ च्या नियमांत तटस्थ राहणे आणि गरज असेल तेथे तज्ज्ञाचे मत घेणे ही त्याची कर्तव्येच सांगितली आहेत. मजुरीच्या ६० हजारांचा फरकही याच प्रश्नाला जोडावा : अलाइनमेंट आणि चाचणी वगळून मशीन कामाला कसे लागणार?

घसारा लावता येतो का?

पॉलिसी बाजारमूल्यावर असेल तर येतो. रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यूवर असेल तर दुरुस्तीच्या भागांवर तो लावणे त्या पॉलिसीच्या मूळ कल्पनेलाच छेद देते, कारण विमाधारकाने हप्ता नव्या किमतीवर भरलेला असतो. म्हणून हरकतीत पॉलिसीच्या त्या कलमाची पानासह नोंद हवी.

मात्र इथे एक अट अनेकांना नडते. अशा बहुतेक पॉलिसींत दुरुस्ती किंवा बदली प्रत्यक्ष करून खर्च झाला, तरच नव्याच्या हिशेबाने पैसे मिळतात. तोवर बाजारमूल्यापुरतीच जबाबदारी असते. पैशांअभावी मशीन पडून राहिले, तर सर्व्हेअरचा घसारा बरोबर ठरू शकतो. त्यामुळे पत्रात ‘आक्षेप नसलेली रक्कम आता द्यावी, दुरुस्तीचे बिल सादर झाल्यावर उरलेली द्यावी’ असे मागावे आणि दिलेली ऑर्डर, भरलेला अ‍ॅडव्हान्स यांची प्रत जोडावी.

पत्र कोणाला आणि कधी द्यायचे?

पत्र विमा कंपनीला, प्रत सर्व्हेअरला. २०१५ च्या नियमांनुसार सर्व्हेअरने अहवालाची प्रत विमाधारकाला द्यायची असते आणि मूल्यांकनाला त्याची संमती आहे की नाही, यावर भाष्य करायचे असते. अहवालात ही नोंद नसेल तर तो स्वतंत्र मुद्दा आहे. अहवाल अपुरा वाटला तर कंपनी मिळाल्यापासून १५ दिवसांत पूरक अहवाल मागवू शकते, तोही एकदाच. हरकत या मुदतीत पोहोचली तरच तिचा खरा उपयोग. मजकूर असा असू शकतो :

‘अंतिम अहवालात बाब क्रमांक १ (ड्राइव्ह) साठी ६०,००० रुपये धरले आहेत. आम्ही सादर केलेल्या कोटेशनमध्ये हीच रक्कम ४,२०,००० रुपये आहे. कोटेशन न स्वीकारण्याचे कारण अहवालात नाही. सेवा केंद्राचा तपासणी अहवाल सोबत जोडला आहे. काढलेले बोर्ड आमच्याकडे जपून ठेवले असून फेरतपासणीसाठी उपलब्ध आहेत. ६०,००० रुपयांचा आधार असलेले कोटेशन द्यावे, अथवा पूरक अहवाल मागवावा.’

प्रत्येक बाबीसाठी असाच एक परिच्छेद पुरे. ‘बोर्ड जपून ठेवले आहेत’ हे वाक्य खरे असले पाहिजे. भंगारात विकलेल्या बोर्डवर कोणीच फेरतपासणी करू शकत नाही आणि मग सर्व्हेअरचाच शब्द उरतो.

कंपनीने कमी रक्कम देऊ केली आणि ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही मागितली, तर हरकतीचा हक्क राखून रक्कम घेत असल्याचे त्याच दिवशी लेखी कळवावे. सही झाली म्हणून वाद संपतोच असे नाही, पण नंतर दबाव किंवा फसवणूक सिद्ध करण्याचे ओझे विमाधारकावर येते. पत्राने प्रश्न सुटला नाही, तर एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे जाता येते. ग्राहक आयोगात तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे. दोन्हीकडे पहिला कागद पाहिला जाईल तो हीच हरकत.

बदलायला काय हवे?

सध्याच्या व्यवस्थेत ओझे उलट्या बाजूला आहे. अभियंत्याने बाबनिहाय दिलेले कोटेशन एका शब्दात नाकारता येते आणि त्या शब्दाला उत्तर देण्यासाठी बंद कारखान्याच्या मालकाने पुरावे गोळा करायचे असतात. उपाय अवघड नाही. अंतिम अहवालात कोटेशनची रक्कम, मंजूर रक्कम आणि फरकाचे कारण असे तीन रकाने प्रत्येक बाबीसाठी सक्तीचे करावेत आणि कारणाचा रकाना रिकामा असेल तर कंपनीने तो अहवाल स्वीकारू नये. प्रामाणिक सर्व्हेअरला याचा त्रास नाही, कारण तो हे कारण मनात ठरवूनच आकडा लिहितो. ते कागदावर आले, की निम्म्या हरकती लिहायची वेळच येणार नाही.