अर्धवट राहिलेलं वाक्य

उपासनेत तरुण संघाने नाटिका करायची ठरवली की बहुतेकदा उधळ्या पुत्राचा दाखला निघतो आणि निम्मा वेळ डुकरांच्या प्रसंगात जातो. पोरं घुर्र घुर्र करतात, मंडळी हसते, आणि बाप येईतो पाळकसाहेब घड्याळ बघू लागलेले असतात.

लिहिणाऱ्याने आधी लूकचा १५वा अध्याय, ११ ते ३२ ओव्या, पेन्सिल घेऊन वाचाव्यात. नाटक तिथे तयारच आहे. डुकरांजवळ बसून मुलगा बापाला काय म्हणायचं ते ठरवतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मोलकरी म्हणून ठेवा. घरी पोचल्यावर तो पहिली दोन वाक्यं म्हणतो. मोलकऱ्याचं तिसरं येतच नाही, कारण बाप चाकरांना झगा आणायला सांगू लागतो. म्हणून वाटेत मुलाला हे भाषण दोनदा घोकू द्या. मंडळीला ते पाठ झालं, तरच तुटलेलं कळतं.

सात-आठ मिनिटं, चार पात्रं, संवाद एका दमात म्हणता येतील एवढेच. मिठी मारताना दोघांचे चेहरे मंडळीकडे हवेत. माईक एकच असेल तर तो बापाजवळ ठेवा.

शेवटी निवेदकाकडून बोध वदवू नका, प्रवचन आहेच. थोरला भाऊ आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. त्यालाही दाराबाहेरच उभा ठेवा.