तीसपट, पण कुठल्या खर्चाची?

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याहून घरी येणारी आपली पोरं एकच विषय बोलत असतात: नोकरी लवकर सोडून सोलापुरात कधी राहता येईल? पगार किती आणि कोटी किती, यावरच गप्पा संपतात. माझी विनंती आहे की आधी खर्च मांडा. या गणितात पगारापेक्षा खर्चाचं वजन जास्त असतं.

वर्षाच्या खर्चाच्या 25 पट रक्कम जमली की सुटलो, असं सगळीकडे ऐकू येतं. त्याचं मूळ विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागारानं 1994 साली मांडलेल्या हिशेबात आहे. तो हिशेब अमेरिकेतल्या बाजाराचा होता आणि 30 वर्षांच्या निवृत्तीसाठी होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थांबणाऱ्याला पैसा चाळीसेक वर्षं पुरवायचा असतो. म्हणून मी 30 पट धरतो.

आता पुण्यात नोकरी करणारं एक जोडपं घेऊ. वय 27, दोघांचे मिळून 1 लाख 20 हजार हातात येतात. भाड्यासकट 72 हजार खर्च होतात आणि 48 हजार उरतात, म्हणजे वर्षाला 5 लाख 76 हजार. पुण्याच्या खर्चाच्या 30 पट म्हणजे जवळपास 2 कोटी 59 लाख. महागाई वजा जाता पैसा 3 टक्क्यांनी वाढला, तर तिथं पोहोचायला 29 वर्षं लागतात. पण हे दोघं राहणार आहेत सोलापुरात, वडिलांच्या घरात, जिथं महिन्याला 45 हजार पुरतील असा त्यांचा अंदाज आहे. त्याच्या 30 पट होतात 1 कोटी 62 लाख, आणि वर्षं लागतात 21. पगार तोच, बचत तीच, तरी आयुष्यातली आठ वर्षं मोकळी झाली.

दोघांचा पगार आणि सगळे खर्च दुप्पट झाले असते, तरी वर्षं तेवढीच लागली असती, कारण उद्दिष्टही दुप्पट झालं असतं. नुसत्या खर्चाचं तसं नाही. महिन्याचा एक हजाराचा कायमचा खर्च 3 लाख 60 हजारांचं ओझं उद्दिष्टावर चढवतो, आणि तो आजच्या खर्चात असेल तर बचतीतूनही जातो.

म्हणून ते 45 हजार खरे आहेत का, हे आईसमोर बसून तपासा. गड्ड्याच्या जत्रेला घरात पाहुणे येतात, भावकीतल्या लग्नांचे आहेर असतात, आईवडिलांची औषधं असतात, दहा वर्षांनी गाडी बदलावी लागते. यातलं काहीच दर महिन्याला दिसत नाही, म्हणून ते कागदावर येत नाही. सगळ्यात जास्त विसरला जातो आरोग्य विमा: नोकरी सुटली की कंपनीचा विमाही सुटतो आणि हप्ता आपल्या खिशातून जातो. अशी महिन्याला 7 हजारांची भर पडली, तर उद्दिष्ट 25 लाखांनी वाढतं आणि 21 ची 23 वर्षं होतात. मुलांचं उच्च शिक्षण आणि लग्न यांचा पैसा या 30 पटीच्या बाहेर, वेगळा ठेवा. राहतं घर आणि अंगावरचे दागिने यात धरू नका.

दुसरी काळजी त्या 3 टक्क्यांची. आपल्याकडे सगळा पैसा मुदत ठेवीत ठेवायची सवय आहे. ठेवीचं व्याज कर भरल्यावर बहुधा महागाईपुरतंच उरतं. म्हणजे खरी वाढ शून्य, आणि 21 ऐवजी 28 वर्षं. ते 3 टक्के मिळवायला पीपीएफ, भविष्य निर्वाह निधी आणि काही भाग शेअर बाजारातल्या फंडात, अशी वाटणी लागते. बाजाराची भीती खरी आहे: नोकरी सोडल्यावर पहिल्याच दोन-तीन वर्षांत तो पडला, तर स्वस्तात विकून खावं लागतं आणि तो पैसा परत येत नाही. तेवढ्यासाठी तीन वर्षांचा खर्च ठेवीत असू द्या.

वरचे सगळे आकडे आजच्या रुपयांत आहेत. महागाई 6 टक्के राहिली, तर आजचे 1 कोटी 62 लाख 21 वर्षांनी साधारण साडेपाच कोटी होतील. म्हणून 48 हजारांचा हप्ता दर वर्षी महागाईइतका तरी वाढवत न्यावा लागतो. तो तसाच राहिला तर हिशेब कोसळतो.

हे सगळं जमतंय का, ते पाडव्याला वही पुजताना पाहता येतं. त्या दिवशीच्या जमेला सोलापुरात वर्षाला लागणाऱ्या खर्चाच्या ताज्या आकड्यानं भागा. उत्तर 6 आलं, तर सहा वर्षांचं जेवण हातात आहे. पुढच्या पाडव्याला जमा वाढूनही उत्तर 6 च आलं, तर वाढलेला खर्च कुठला, तो आधी त्याच वहीत शोधा.