चुकांच्या वहीची मांडणी

दूरशिक्षणाने मराठीचा अभ्यास करणारे अनेक प्रौढ विद्यार्थी स्वतःच्या लेखनातील चुकांची वही ठेवतात. डावीकडे चुकलेले रूप, उजवीकडे दुरुस्त रूप आणि समासात तारीख, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. सवय चांगली आहे. परंतु अशी वही पुष्कळदा नुसतीच वाढत जाते. नोंदी शंभरावर जातात आणि त्याच प्रकारच्या चुका पुढच्या स्वाध्यायात पुन्हा होतात. माझ्या मते दोष विद्यार्थ्याच्या कष्टांत नसून वहीच्या मांडणीत असतो. वहीत नोंद होते ती चुकलेल्या शब्दाची. ज्या समजुतीमुळे तो शब्द चुकला, तिची नोंद कोठेच होत नाही.

या संदर्भात एक भेद उपयोगी पडतो. ब्रिटिश भाषावैज्ञानिक एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात शिकणाऱ्याच्या चुकांचे दोन प्रकार वेगळे केले. घाईने, थकव्याने वा लक्ष विचलित झाल्याने होते ती निसटती चूक. शिकणाऱ्याच्या मनात त्या वेळी जो नियम असतो, त्यानुसार होते ती नियमित चूक. कॉर्डर यांचे विवेचन दुसरी भाषा शिकणाऱ्यांविषयी होते. तथापि घरी बोली बोलणाऱ्या आणि प्रमाण मराठीत लेखन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते लागू पडते. हा भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे. लिहिलेला मजकूर दोन दिवस बाजूला ठेवावा आणि मग कोणताही आधार न घेता वाचावा. जी चूक आपली आपल्याला दिसते आणि दुरुस्तही करता येते, ती निसटती. जी वाचूनही खटकत नाही, ती नियमित. वहीत मानाचे स्थान दुसरीला द्यावे.

आता उदाहरण घेऊ. लोणार येथील, घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीची महिन्याभराची वही आपण कल्पनेने समोर ठेवू. तीत २७ नोंदी आहेत. त्यांपैकी सहा क्रियापदांच्या आहेत. ‘सभा उद्या होईन’, ‘पाऊस येईन’ अशा चार, आणि ‘मी सांगेल’, ‘मी लिहील’ अशा दोन. वरवर पाहता या दोन परस्परविरुद्ध चुका आहेत. एकीकडे ‘ल’ हवा तेथे ‘न’ आला आहे, तर दुसरीकडे ‘न’ हवा तेथे ‘ल’. विद्यार्थिनीने त्या वेगवेगळ्या पानांवर लिहिल्या आहेत. वास्तविक त्यांचे मूळ एकच आहे.

वऱ्हाडीत ‘मी येईन’ आणि ‘तो येईन’ अशी दोन्ही पुरुषांत एकच रूप येते. प्रमाण मराठी येथे भेद करते : ‘मी येईन’, पण ‘तो येईल’. पहिल्या चार चुका बोलीच्या व्यवस्थेतून आल्या आहेत. पुढे कोणीतरी ‘येईन नव्हे, येईल म्हणा’ असे सांगितले असावे. विद्यार्थिनीने ही दुरुस्ती सरसकट लागू केली आणि प्रथमपुरुषी ‘सांगेन’, ‘लिहीन’ ही मुळात बरोबर असलेली रूपेही बदलली. अशा अतिदुरुस्तीची चूक बोलीप्रभावाच्या चुकीशेजारीच लिहिली पाहिजे. दोन्ही एकत्र दिसल्या, की नेमके काय शिकायचे ते कळते : कर्ता ‘मी’ असेल तर ‘न’, ‘तो, ती, ते’ असेल तर ‘ल’. सहा नोंदींची जागा या एका ओळीने घेतली.

दुसरा गट नऊ नोंदींचा आहे. ‘विहीरीत’, ‘जमीनीवर’, ‘फूलांचा’, ‘गरीबांना’, ‘बहीणीने’, ‘मूलांना’, ‘वकीलाने’ ही सात रूपे एका बाजूला. ‘शरिरात’ आणि ‘गितात’ ही दोन दुसऱ्या बाजूला. ‘विहीर’, ‘जमीन’, ‘फूल’ अशा अकारान्त शब्दांत शेवटून दुसरे, म्हणजे उपान्त्य, इकार-उकार दीर्घ असतात. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते आणि हे स्वर ऱ्हस्व होतात : विहिरीत, जमिनीवर, फुलांचा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, शब्द मात्र आपला दीर्घ स्वर सोडत नाहीत. म्हणून शरीरात, गीतात. येथेही सात चुका नियम ठाऊक नसल्याच्या आहेत आणि दोन चुका नियम अर्धाच ठाऊक असल्याच्या. या गटाचा बोलीशी संबंध नाही. राज्याच्या कोणत्याही भागातील विद्यार्थी तेथे अडखळतो. वऱ्हाडी बोलण्यामुळेच आपले लेखन चुकते, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हे विशेषतः लक्षात घ्यावे.

तिसरा गट चार नोंदींचा : ‘पानी’, ‘लोनी’ आणि त्यांच्या उलट ‘वाहण’, ‘साधण’. आकृतिबंध पहिल्या गटासारखाच आहे, पण उपाय तसा नाही. ‘पाणी’मध्ये ‘ण’ का आणि ‘वाहन’मध्ये ‘न’ का, हे सांगणारा एकच सोपा नियम विद्यार्थ्याच्या हाती देता येत नाही. येथे शब्दांची यादी करावी, ती मोठ्याने वाचावी आणि कानाला सवय लावावी. एका वेळी दहा शब्द पुरेत.

चौथ्या गटात तीनच नोंदी आहेत : ‘बाबा शेतात काम करून राहिले’ आणि तशाच आणखी दोन. वऱ्हाडीत याचा अर्थ ‘काम करत आहेत’ असा सरळ आहे. प्रमाण मराठीच्या वाचकाला मात्र बाबा काम आटोपून शेतातच थांबले, असे वाटेल. संख्या कमी असली तरी या गटाला मी पहिला क्रमांक देईन, कारण येथे अर्थच बदलतो. त्यानंतर भविष्यकाळाचा गट, मग ऱ्हस्व-दीर्घाचा. शब्दांच्या यादीचे काम सोबत चालू ठेवावे. उरलेल्या पाच नोंदी सुट्या आहेत. त्यांत ‘आशिर्वाद’सारखा एखादा शब्द आहे, तो पाठ करावा, बाकीच्या निसटत्या चुका आहेत, त्या सोडून द्याव्यात.

या वहीला एक मर्यादा आहे. ती फक्त चुका दाखवते, बरोबर लिहिलेल्या जागा दाखवत नाही. ‘होईन’ चार वेळा चुकले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. अशा पाच जागांपैकी चार चुकल्या असतील तर नियम अजून मनात बसलेला नाही. चाळीसपैकी चार चुकल्या असतील तर बहुधा केवळ फेरवाचन कमी पडले. म्हणून निवडलेल्या गटासाठी, त्या महिन्याच्या लेखनात नियम लागू होणाऱ्या सर्व जागा मोजाव्यात आणि त्यांपैकी किती बरोबर आल्या ते लिहावे. पुढच्या महिन्यात तीच मोजणी पुन्हा करावी. प्रगती कळते ती या तुलनेतून.

आणखी एक सूचना स्तंभाच्या नावाविषयी आहे. ‘तो येईन’, ‘पानी’, ‘करून राहिले’ या रूपांवर ‘अशुद्ध’ असा शिक्का मारू नये. तेथे ‘बोलीरूप’ असे लिहावे. यात केवळ सौजन्य नाही, अचूकताही आहे. ही रूपे वऱ्हाडीच्या नियमांप्रमाणे बरोबर आहेत आणि घरी, शेतात, बाजारात ती तशीच राहावीत. ‘शरिरात’ किंवा ‘मी सांगेल’ हे मात्र ना वऱ्हाडीचे, ना प्रमाण मराठीचे. पहिल्या प्रकारात विद्यार्थ्याला दोन व्यवस्था वेगळ्या ठेवायला शिकायचे असते, दुसऱ्या प्रकारात एक अर्धवट नियम पूर्ण करायचा असतो. दोन्हींना एकच नाव दिले, तर विद्यार्थी पहिल्यासाठी स्वतःच्या बोलीची लाज बाळगू लागतो आणि दुसऱ्याचे कारण त्याला सापडतच नाही.