शीट पळतेय, सेल ठिय्या देऊन

रात्रीचे साडेदहा. मनीषनगरातून मैत्रिणीचा फोन. ‘अगं, माझं एक्सेल पागल झालं बाप्पा! खालचा बाण दाबला का पूर्ण शीटच सरकून राहिली, सेल जागचा हलून नाही राहिला!’ सकाळी नऊला पगाराची शीट द्यायची होती. लॅपटॉप दोनदा आपटून झाला होता (हा आपला राष्ट्रीय उपाय!).

मी म्हटलं, फॉर्म्युला बारच्या डावीकडे एक छोटी चौकट असते, नेम बॉक्स, त्यात काय दिसतं? `D14`. आता बाण तीनदा दाब. ओळींचे आकडे सरकले, चौकटीत मात्र `D14` च. मग नजर खाली, स्टेटस बारवर. तिथे लिहिलेलं: `Scroll Lock`. चोर सापडला! (तिथे काहीच दिसत नसेल, तर त्या पट्टीवर राइट क्लिक करून `Scroll Lock` समोर टिक करा.)

हे बटण 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून कीबोर्डवर आहे. ते चालू असलं, की बाण सेल बदलत नाहीत, नुसता पडदा सरकवतात. गंमत म्हणजे एंटर, टॅब आणि माउस नेहमीसारखेच चालतात, त्यामुळे दुखणं लवकर लक्षात येत नाही.

पण दाबलं कुणी? ऑफिसात ती लॅपटॉपला मोठा कीबोर्ड जोडते. संध्याकाळी स्क्रीनशॉट घेताना प्रिंट स्क्रीनच्या शेजारचं बटण दाबलं गेलं. कीबोर्ड ऑफिसात राहिला, पण लॉकची नोंद विंडोजकडे असते. लॅपटॉप नुसता मिटून घरी आणला, तर लॉकही सोबत येतो! आणि तिच्या लॅपटॉपवर ते बटणच नाही. काही कंपन्या ते एफएनसोबत एखाद्या अक्षरावर देतात, पण अक्षर प्रत्येकाचं वेगळं.

मग सरळ मार्ग घेतला. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबलं, पडद्यावर कीबोर्ड उगवला, त्यातल्या `ScrLk` वर क्लिक. बाण सुतासारखे सरळ!

‘थँक्स यार’ म्हणून ती फोन ठेवणार, तेवढ्यात मला शंका आली. ‘मधे काही डिलीट केलंस?’ हो, चाळिसाव्या ओळीतला एक जादा आकडा. बाणांनीच तिथे पोचली होती ना? म्हणजे पोचलीच नव्हती! कंट्रोल आणि बॅकस्पेस दाबायला लावलं. त्याने पडदा निवडलेल्या सेलवर परत येतो. `D14` रिकामा. कुणा बिचाऱ्याचा अख्खा पगार गायब, आणि चाळिसाव्या ओळीतला जादा आकडा मजेत जागेवर. नशीब, फाइल बंद केली नव्हती. कंट्रोल-झेड!

चाळिसावी ओळ तिने मग माउसने क्लिक करून दुरुस्त केली. नेम बॉक्स वाचून, मोठ्याने.