हाताला पीठ लागलेले होते

गेल्या रमजानमधली गोष्ट. आमच्या एका खालांना रात्री झोप येईना. खालूंना डॉक्टरांनी झोलपिडेमची १० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली होती, ती पाकिटात होतीच. खालांनी जेवण उरकून अकरा वाजता त्यातली एक घेतली. पाऊण तासात डोळा लागला नाही, म्हणून आणखी अर्धी घेतली. सहरीसाठी तीन वाजता त्यांची सून उठली, तर स्वयंपाकघरात गॅस सुरू, त्यावर रिकामा तवा लाल झालेला, परातीत कणीक मळून ठेवलेली. खाला आपल्या पलंगावर गाढ झोपलेल्या आणि हाताला पीठ. सकाळी विचारले तर म्हणाल्या, "मी उठलेच नाही गं!" मग त्यांच्या फोनमध्ये पाहिले. रात्री एक वाजता बहिणीला फोन लावून बारा मिनिटे बोलल्या होत्या. बहीण म्हणाली, "बोलत होती की नीट. जरा संथ वाटली, एवढंच."

खाला खोटे बोलत नव्हत्या. झोलपिडेम, झोपिक्लोन, एझोपिक्लोन ही एकाच तऱ्हेची औषधे. ती मेंदूला लवकर शांत करतात, पण मेंदू सगळा एकदम झोपत नाही. चालणे, मळणे, गाडी हाकणे अशी अंगवळणी पडलेली कामे करणारा भाग जागा राहू शकतो, आणि घडलेले मनात नोंदवून ठेवणारा भाग मात्र बंद. आम्ही वर्गात मुलांना सांगतो तसे सांगायचे तर, फळ्यावर लिहिणे चालू आहे, पण वहीत काहीच उतरत नाही. म्हणून नंतर कितीही आठवले तरी ते सापडत नाही.

अमेरिकेतले खासदार पॅट्रिक केनेडी यांनी मे २००६ मध्ये मध्यरात्रीनंतर संसद भवनाजवळच्या अडथळ्यावर मोटार धडकवली. पोलिसांना ते म्हणाले की मतदानाला चाललो आहे. त्या वेळी कसले मतदान! झोलपिडेम आणि उलटी थांबवणारे प्रोमेथाझिन अशी दोन्ही औषधे आपण घेतली होती आणि घडलेले आपल्याला आठवत नाही, असे त्यांनी नंतर सांगितले. प्रोमेथाझिनही गुंगी आणते. आपल्याकडे सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतही अशी गुंगी असते आणि ती कुणी हिशेबात धरत नाही. दारूने तर धोका फारच वाढतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली झोलपिडेम, एझोपिक्लोन अशा गोळ्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्यांच्याकडे गंभीर अशा ६६ घटनांची नोंद होती, त्यांत २० माणसे दगावली. असे प्रकार क्वचितच घडतात. पण पहिल्याच गोळीला, कमी मात्रेतही आणि दारूशिवायही घडू शकतात.

खालांच्या बाबतीत काय काय चुकले, ते आम्ही त्यांच्या डॉक्टरांकडूनच समजून घेतले. गोळी दुसऱ्याची, हे पहिले. पुन्हा बाईच्या शरीरातून हे औषध सावकाश उतरते, म्हणून साध्या गोळीची सुरुवातीची मात्रा बायकांना ५ मिलिग्रॅम असते. वयस्कांनाही तेवढीच. भरल्या पोटी घेतली तर गुण यायला उशीर लागतो. माणसाला वाटते लागू पडली नाही, आणि तो दुसरी घेतो. त्यात रमजानच्या रात्री. ही गोळी घेतल्यावर सात-आठ तास अंथरुणात हवेत, आणि अकराला घेऊन तीनला उठायचे म्हटले तर चारच तास होतात. तशा अवस्थेत पेटता गॅस, किंवा फजरला मोटारसायकलवर मशिदीत जाणारा घरधनी! ज्या महिन्यात सहरी आहे, त्या महिन्यात ही गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. झोपेची वेळ सांगितल्याशिवाय त्यांना तरी कसे कळणार?

असे घडले हे बहुतेक वेळा दुसऱ्यालाच कळते. उष्टी भांडी, न आठवणारा निरोप, दाराची काढलेली कडी, संध्याकाळी लावली त्यापेक्षा वेगळ्या जागी उभी गाडी. घरच्यांनी "वयामुळे विसरते" म्हणून सोडून देऊ नये. एकदा जरी असे झाले, तरी ती गोळी पुन्हा घ्यायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचे. महिनोन्महिने किंवा जास्त मात्रेत घेत असाल तर दिवस न दवडता सांगा, कारण एकदम बंद केल्याने झटकेही येऊ शकतात. ती कशी उतरवायची ते डॉक्टर ठरवतील. चिठ्ठीशिवाय ती मिळू नये असा आपल्याकडे कायदा आहे, दुकानदाराला विक्रीची नोंदही ठेवावी लागते. पण घरातल्या कपाटाला कोण नोंद विचारतो?

आता खालूंचे पाकीट सुनेच्या कुलपात असते. खाला दुपारची झोप सोडून रात्री नऊनंतरचा चहा बंद करून पाहत आहेत, झोप थोडी सुधारली आहे. पण तव्याचा विषय निघाला की अजूनही म्हणतात, "तुम्ही काही सांगा, मी उठले नव्हते."