जुनं देणं

"देऊन टाका हो आजोबा, पन्नास रुपयांचा तर ट्रक!" रांगेतल्या एका बाईंनी मला सल्ला दिला. गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार, संध्याकाळचे सात. लक्ष्मी रस्त्यावरच्या त्या कापडदुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि माझा अडीच वर्षांचा नातू गल्ल्यासमोर फरशीवर आडवा पडून टाचा आपटत होता.

पस्तीस वर्षांपूर्वी त्याच्या बापाला मी अशाच एका दुकानात दरडावून गप्प केलं होतं. तो गप्प झाला खरा. पण पुढे कित्येक दिवस दुकानाची पायरी आली की माझं बोट सोडून आईच्या पदराआड जायचा. ते मी विसरलेलो नाही.

मात्र हट्ट पुरवणं हाही त्यावरचा उपाय नव्हे, हे मला बँकेने शिकवलं. थकबाकीदाराला दहाव्या फेरीला सवलत दिली, तर तो दहा फेऱ्या मारायला शिकतो. मुलाचंही तेच. दहा मिनिटांच्या आकांतानंतर ट्रक हातात ठेवला, तर पुढच्या खेपेला तो दहा मिनिटं रडणारच. द्यायचाच असेल तर रडणं सुरू होण्याआधी द्यावा. एकदा 'नाही' म्हटलं की नाही.

मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो. हळू आवाजात एवढंच म्हणालो, "तुला ट्रक हवाय. राग आलाय. आज ट्रक घ्यायचा नाही." पोलिसाची भीती नाही, चॉकलेटचं आमिष नाही, लांबलचक समजावणीही नाही. रागाला लगाम घालणारा मेंदूचा भाग या वयात कच्चा असतो. भर आकांतात युक्तिवाद आत पोचतच नाही. शिवाय त्या दिवशी त्याची दुपारची झोप हुकली होती. ती चूक आमची.

सुनेला म्हटलं, "तू बिल कर, आम्ही बाहेर आहोत." त्याला उचलून पायरीवर आणलं. रडणं आधी वाढलं. नेमकं इथेच आपण कच खातो, आणि मोठ्याने रडलं की मिळतं, हे मूल शिकतं. मी शेजारी बसून राहिलो. लाथा मारू लागला तेव्हा पाय नुसते धरले. सात-आठ मिनिटांनी हुंदक्यांमधलं अंतर वाढलं, तो माझ्या गुडघ्याला टेकला. त्याला पाणी पाजलं आणि दोघे पिशव्या घ्यायला आत गेलो. त्याने ट्रककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोट धरून पुढे चालू लागला.

दरवेळी इतकं सरळ होत नाही. रडताना मूल श्वास कोंडून निळं पडलं, स्वतःला इजा करू लागलं किंवा चार वर्षं उलटूनही रोज असाच आकांत करू लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, आज ओरडला नाहीत."

म्हटलं, "जुनं देणं होतं रे. उशिरा फेडलं."