विश्लेषण : एकाचे चार स्टार म्हणजे दुसऱ्याचे दोन?

शुक्रवारी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाला एक समीक्षक चार स्टार देतो, दुसरा दोन. वाचक म्हणतो, एकाला आवडला, दुसऱ्याला नाही. प्रत्यक्षात दोघांचे मत सारखेच असू शकते. ते कसे?

स्टार मोजमाप नव्हे, सवय

परीक्षेत 35 गुणांना उत्तीर्ण हे सर्वांना ठाऊक असते. स्टारला अशी सर्वमान्य रेषा नाही. काही समीक्षकांच्या लेखी तीन म्हणजे ‘ठीकठाक’, तर काहींच्या लेखी तीन म्हणजे ‘जरूर पाहा’. कोणी साधारण चित्रपटालाही साडेतीन देतो, कोणी वर्षभरात एकदाच चारपर्यंत जातो. शिवाय एकूण स्टार किती, हेही सगळीकडे सारखे नाही. अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्ट चारपैकी स्टार देत. त्यांचे तीन म्हणजे चांगला शेरा. पाचपैकी तीन समजून ते वाचले तर चित्रपटावर अन्याय होतो.

एक उदाहरण

समजा, पहिल्या समीक्षकाने आधीच्या दहा चित्रपटांना दिलेले स्टार असे : 4, 4, 3.5, 4, 4.5, 4, 3.5, 4, 4.5, 4. सरासरी 4. दुसऱ्याचे असे : 2, 1.5, 2, 2.5, 1, 3, 2, 1.5, 3, 1.5. सरासरी 2.

आता नव्या चित्रपटाला पहिल्याने 4 दिले आणि दुसऱ्याने 2, तर दोघेही एकच सांगत आहेत : चित्रपट नेहमीसारखाच आहे. पण दुसऱ्याने 3 दिले तर? आकडा पहिल्याच्या 4 पेक्षा लहान, तरी ती खरी शिफारस आहे. कारण दहांत 3 च्या वर तो एकदाही गेलेला नाही. उलट पहिल्याचे साडेतीन दिसायला भरघोस, पण त्याच्या यादीत ती तळाची जागा आहे. म्हणून प्रश्न ‘किती स्टार’ हा नसून ‘या माणसाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा किती वर किंवा खाली’ हा आहे.

नेटफ्लिक्सची स्पर्धा

नेटफ्लिक्सने 2006 मध्ये 10 लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली. प्रेक्षक कोणत्या चित्रपटाला किती स्टार देईल, याचा कंपनीचा अंदाज 10 टक्क्यांनी सुधारायचा होता. त्यासाठी सुमारे 10 कोटी स्टार-नोंदी खुल्या केल्या गेल्या. 2009 मध्ये बक्षीस जिंकणाऱ्या चमूतील येहुदा कोरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली पायरी सोप्या उदाहरणाने समजावली होती. सर्व चित्रपटांची सरासरी 3.7 धरू. ‘टायटॅनिक’ला सरासरीपेक्षा 0.5 जास्त मिळतात. पण ‘जो’ हा प्रेक्षक हात आखडता घेणारा, इतरांपेक्षा 0.3 कमी देणारा. म्हणून त्याचा अंदाज 3.7 + 0.5 – 0.3, म्हणजे 3.9. आवडीनिवडीचा हिशेब यानंतरचा. आधी हात सैल की आखडता, ते पाहायचे.

सरासरी कुठे फसवते?

वृत्तपत्राच्या समीक्षकाला बहुधा समोर येईल तो चित्रपट पाहावा लागतो. हौशी प्रेक्षक मात्र आवडेल असे वाटणारेच तिकीट काढतो. त्याची सरासरी जास्त असली तर हात सैल आहे असे नाही. निवडच चांगली असेल.

दुसरी अडचण प्रकाराची. एबर्ट यांनी 2004 मध्ये ‘शाओलिन सॉकर’च्या परीक्षणात सांगितले होते की, त्यांचे स्टार त्या-त्या प्रकारातल्या चित्रपटांशी तुलना करून दिलेले असतात : ‘हेलबॉय’ची तुलना ‘द पनिशर’शी, ‘मिस्टिक रिव्हर’शी नव्हे. प्रत्येक समीक्षक असे करत नाही. भयपटांना कायम दीड देणाऱ्याने एखाद्या भयपटाला अडीच दिले, तर भयपटाच्या चाहत्याने ते लक्षात घ्यावे. आणि दोन-तीन परीक्षणांवरून कोणाचीही सवय ठरवू नये.

मग वाचायचे कसे?

एक-दोन समीक्षक धरून ठेवावेत. त्यांची मागची दहा परीक्षणे उघडून नेहमीचा आकडा आणि सर्वांत वरचा आकडा पाहावा. त्यांतले आपण पाहिलेले चित्रपट आठवून मत जुळते का, हे तपासावे. मत नेहमी उलटे पडणारा समीक्षकही उपयोगी. त्याचा दीड आपल्यासाठी तिकिटाचे कारण ठरू शकतो.

पण हा भार वाचकावरच का? परीक्षणाखाली समीक्षकाची आधीच्या दहा चित्रपटांची सरासरी एका ओळीत छापणे वृत्तपत्रांना अवघड नाही. मोजके खेळ मिळालेल्या छोट्या मराठी चित्रपटाचे भवितव्य पहिल्या तीन दिवसांत ठरते. कंजूष हाताचे अडीच ‘वाईट’ म्हणून वाचले गेले, तर सोमवारी ते खेळही उरत नाहीत.